लासलगावचा भाव कुणाच्या फोनवर?

बाजारभाव कळवणारं एक अ‍ॅप आहे असं धरून चालू. नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना लासलगावच्या कांद्याचा, पिंपळगावच्या टोमॅटोचा भाव लिलाव सुरू झाल्याबरोबर फोनवर मिळावा, एवढंच त्याचं काम. भाव गोळा करायला माणसं नेमली, अ‍ॅप तयार झालं, आता राहिलं फक्त पाठवणं. आणि पाठवणं खरोखरच सोपं आहे. गूगलच्या फायरबेसमधली क्लाउड मेसेजिंग ही सेवा त्यासाठी पैसेही घेत नाही. डोकेदुखी सुरू होते ती नंतर, योग्य फोन शोधण्यात आणि ज्याला नको आहे त्याला वगळण्यात.

आधी हे चालतं कसं ते पाहू. अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की फायरबेस त्याला एक टोकन देतं. टोकन म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ, त्या फोनमधल्या त्या अ‍ॅपचा पत्ता. अ‍ॅप हा पत्ता आपल्या सर्व्हरला कळवतं. सर्व्हर निरोप फायरबेसकडे देतो आणि ते तो फोनपर्यंत नेतं. अँड्रॉइड फोनचं गूगलशी कायम संधान असतं, म्हणून अ‍ॅप बंद असलं तरी नोटिफिकेशन येतं. आयफोनच्या बाबतीत फायरबेस तो निरोप अ‍ॅपलच्या सेवेकडे सोपवतं. मात्र हा पत्ता माणसाचा नाही, फोन नंबरचाही नाही. फोनमध्ये बसवलेल्या अ‍ॅपच्या त्या एका प्रतीचा आहे. पुढचे बहुतेक घोळ इथूनच निघतात.

हजारो शेतकऱ्यांना एकेक टोकन घेऊन पाठवत बसायला नको म्हणून टॉपिकची सोय आहे. अ‍ॅप एखाद्या टॉपिकला सबस्क्राइब करतं आणि सर्व्हर टॉपिकच्या नावे एकच निरोप धाडतो. मग साहजिकच कुणीतरी सुचवतं की पिकाचा एक टॉपिक करू, बाजाराचा दुसरा, आणि पाठवताना दोन्हींची अट घालू. फायरबेस अशी अट घेतंही:

```
'kanda' in topics && 'lasalgaon' in topics
```

कागदावर हे सुटसुटीत दिसतं. पण एका शेतकऱ्याला कांद्याचा भाव लासलगावचा हवा आहे आणि टोमॅटोचा पिंपळगावचा. त्याच्या नावावर चार टॉपिक लागले. आता पिंपळगावच्या कांद्याचा निरोप निघाला की अट जुळते आणि न मागितलेला भाव त्याच्या फोनवर वाजतो. कांदा कुठला आणि टोमॅटो कुठला, ही जोडी टॉपिकमध्ये कुठेच नोंदलेली नाही. म्हणून `kanda_lasalgaon`, `tomato_pimpalgaon` असे जोडटॉपिकच करावेत. दहा पिकं आणि तीस बाजार धरले तरी तीनशेच होतात. अ‍ॅपची एक प्रत दोन हजार टॉपिकना सबस्क्राइब करू शकते, तेव्हा जागेची अडचण नाही.

टॉपिकवर खाजगी काहीही पाठवू नये, हेही इथेच सांगायला हवं. ज्याच्याकडे अ‍ॅप आहे त्याला टॉपिकचं सदस्य होता येतं. लासलगावचा भाव जगजाहीर आहे, तो जाऊ द्या. पण ‘तुमच्या मालाचे पैसे जमा झाले’ हे त्या शेतकऱ्याच्या टोकनवरच जायला हवं.

शिवाय प्रत्येक निरोपाला आयुष्य ठरवून द्यावं. काही सांगितलं नाही तर फायरबेस बंद फोनसाठी निरोप चार आठवडे सांभाळतं. आठवडाभर बंद असलेला फोन सुरू झाला आणि गेल्या सोमवारचा भाव आजचा म्हणून वाजला, तर शेतकरी अ‍ॅपवर पुन्हा विश्वास ठेवणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. निरोपात `"ttl": "21600s"` लिहिलं की सहा तासांनी तो आपोआप बाद होतो.

आता पत्ते बदलण्याची गोष्ट. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, अ‍ॅपचा डेटा पुसला, जुन्या फोनचा बॅकअप नव्या फोनवर उतरवला, की टोकन नवं होतं. अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये अशा वेळी `onNewToken` हे फंक्शन आपोआप चालतं, आणि त्यात नवं टोकन सर्व्हरला कळवायचं असतं. अनेक जण एवढ्यावर थांबतात. पण नेमकं त्याच क्षणी शिवारात नेटवर्क नसेल तर? म्हणून अ‍ॅप उघडलं की टोकन पुन्हा कळवावं, आणि सर्व्हरने प्रत्येक टोकनपुढे शेवटची तारीख लिहावी. नव्या टोकनवर सगळे टॉपिक पुन्हा लावायचं कामही आपलंच.

जुनी टोकनं गप्प राहून यादी फुगवतात. अ‍ॅप काढून टाकलं तरी आपल्याला कुणी कळवत नाही. नंतर कधीतरी त्या टोकनवर पाठवायला जावं तेव्हा फायरबेस `UNREGISTERED` म्हणतं. ते दिसलं की टोकन तिथल्या तिथे पुसावं. `INVALID_ARGUMENT` आलं तर मात्र हात आखडावा. टोकन चुकीचं असेल, पण निरोपाची रचनाच चुकलेली असण्याचीही शक्यता आहे, आणि तसं असताना पुसत सुटलं तर एका सकाळी चांगली यादी साफ होते. टॉपिकवर पाठवताना तर यातलं काहीच समजत नाही. निरोप स्वीकारला एवढंच उत्तर येतं, कुठला फोन मेला ते नाही. तिथे कामाला येते ती आपण लिहिलेली तारीख. महिनाभर हालचाल नसलेलं टोकन गूगल शिळं धरतं, आणि अँड्रॉइडवर 270 दिवस गप्प राहिलेलं टोकन स्वतःच बाद करतं. शेतकरी पाच हजार आणि टोकनं नऊ हजार असं दिसलं, की सफाई राहून गेली आहे असं समजावं.

राहिला ‘नको’ म्हणणारा. त्याच्याकडे दोन रस्ते आहेत. एक आपल्या अ‍ॅपमधलं बटण, दुसरा फोनच्या सेटिंगमधलं. दुसऱ्या रस्त्याने तो गेला तर सर्व्हरला पत्ताच लागत नाही. टोकन शाबूत असतं, फायरबेस निरोप स्वीकारतं, फोन तो दाखवत नाही. ‘पाठवले’चा आकडा चढता आणि उघडणारे कमी होत चाललेले, हे त्याचं लक्षण. अ‍ॅप उघडल्यावर `areNotificationsEnabled()` विचारून उत्तर सर्व्हरला कळवलं तरच खरं चित्र कळतं. 2022 साली आलेल्या अँड्रॉइड 13 पासून तर नव्या अ‍ॅपला नोटिफिकेशनसाठी आधी परवानगी मागावी लागते, आणि दोनदा नकार मिळाला की फोन पुन्हा विचारू देत नाही. म्हणून अ‍ॅप उघडताक्षणी विचारण्यापेक्षा शेतकऱ्याने आपला बाजार निवडल्यावर विचारावं. कशासाठी विचारतोय ते तेव्हा त्याला दिसत असतं.

अँड्रॉइडवर नोटिफिकेशनचे वेगवेगळे चॅनल करता येतात. भावाचा एक आणि खत-बियाण्यांच्या जाहिरातींचा दुसरा ठेवला, तर जाहिरातींना कंटाळलेला माणूस तेवढंच बंद करतो. दोन्ही एकाच चॅनलमध्ये कोंबले तर जाहिरातीबरोबर भावही जातो, आणि एकदा बंद केलेला चॅनल अ‍ॅपला स्वतःहून उघडता येत नाही.

अ‍ॅपमधलं बटण दाबल्यावर बहुतेक ठिकाणी टोकन टॉपिकमधून काढतात आणि काम झालं म्हणतात. दिवाळीत शेतकरी नवा फोन घेतो, नवं टोकन येतं, अ‍ॅप नेहमीचे टॉपिक लावतं आणि नाकारलेल्या जाहिराती पुन्हा सुरू होतात. नकार टोकनच्या नावावर लिहून भागत नाही, तो माणसाच्या खात्यावर लिहावा लागतो, आणि टॉपिक लावण्याआधी दर वेळी तो वाचावा लागतो. उलटी बाजूही तशीच आहे. घरात एकच फोन असतो. वडिलांनी लॉगआउट केलं, मुलाने आपलं खातं उघडलं, पण टोकन तेच राहिलं, तर वडिलांच्या पैशांचे निरोप मुलाला दिसत राहतात. लॉगआउट होताना अ‍ॅपने `deleteToken()` चालवावं आणि सर्व्हरने ते टोकन वडिलांच्या खात्यावरून काढावं. फोन त्या वेळी ऑफलाइन असेल तर हे दोन्ही राहून जाईल, म्हणून मुलाने लॉगइन केल्यावर जे टोकन येईल ते आधी कुणाच्या नावावर आहे का, हेही सर्व्हरने तपासून पाहावं.