एकतर्फी सीमा : दहा प्रश्न, वीस गुण

अकरावीच्या गणितात ‘लिमिट’ म्हणजे सीमा शिकताना आकड्याच्या डोक्यावर एक बारीकसं चिन्ह दिसू लागतं. x → 3⁻ याचा अर्थ x ही संख्या 3 पेक्षा लहान राहून 3 च्या हवी तेवढी जवळ जाते: 2.9, 2.99, 2.999... मात्र ती 3 कधीच होत नाही. 3⁺ असेल तर हीच वाटचाल मोठ्या बाजूने, 3.1, 3.01, 3.001 अशी होते. या वाटचालीत फलाची किंमत ज्या संख्येकडे सरकते, ती त्या बाजूची सीमा. दोन्ही बाजूंच्या सीमा सारख्या असल्या तरच ‘सीमा अस्तित्वात आहे’ असं म्हणतात.

पुढची दहा प्रश्नांची चाचणी अर्ध्या तासात सोडवता येते. तिच्यातली चुकीची उत्तरं बरोबर उत्तरांइतकीच काळजीपूर्वक वाचावीत, कारण गोंधळ नेमका कुठे आहे ते त्यांतूनच कळतं.

प्रश्न

पहिल्या दोन प्रश्नांसाठी: x < 2 असताना f(x) = x + 3, x > 2 असताना f(x) = 7 − x, आणि f(2) = 10.

1. x = 2 पाशी f च्या डाव्या आणि उजव्या बाजूची सीमा काढा.
2. x → 2 असताना f ची सीमा अस्तित्वात आहे का? असल्यास किती?
3. x → 0⁻ असताना |x|/x
4. x → 3⁻ असताना [x] (x पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक)
5. x → −2⁻ असताना [x]
6. x → 3⁻ असताना (x² − 9)/|x − 3|
7. x → 4⁻ असताना 1/(x − 4)
8. x → 0⁻ असताना 2^(1/x)
9. x → 1⁻ असताना √(x − 1), वास्तव संख्यांत
10. x < 2 असताना g(x) = kx + 1 आणि x ≥ 2 असताना g(x) = x² + 3. x = 2 पाशी सीमा अस्तित्वात असेल, तर k किती?

उत्तरं

(1) दोन्ही 5. (2) आहे, 5. (3) −1. (4) 2. (5) −3. (6) −6. (7) −∞. (8) 0. (9) डाव्या बाजूच्या सीमेला अर्थच नाही. (10) 3.

गुण कसे द्यावेत

प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आहेत. पहिला गुण बाजू ओळखून ती गणितात उतरवल्याबद्दल, दुसरा उत्तराबद्दल. बाजू बरोबर मांडून पुढे आकडेमोड चुकली, तर पहिला गुण द्यावा. कारण न देता नुसतं बरोबर उत्तर लिहिलं, तर एक गुण. कारण चुकीचं असूनही उत्तर जुळलं, तर शून्य. सातव्या प्रश्नात ‘−∞’ किंवा ‘सीमा अस्तित्वात नाही, किंमत उणे बाजूला अमर्याद वाढते’ यांपैकी काहीही लिहिलं तरी पूर्ण गुण द्यावेत.

शून्याचा नियम कडक वाटेल, पण त्याला कारण आहे. काही मुलं डोक्यावरचं उणे चिन्ह सरळ उत्तराला चिकटवतात. प्रश्न 3, 6 आणि 7 मध्ये त्यांची उत्तरं बरोबर येतात: −1, −6, −∞. चौथ्या प्रश्नात मात्र तीच मुलं −3 लिहितात आणि आठव्यात −∞. कारण वाचलं नाही, तर या मुलांना विषय कळला असाच समज होईल.

चुकांचा अर्थ

दुसऱ्या प्रश्नात सर्वाधिक संभवणारं चुकीचं उत्तर 10 आहे. तिथे मुलाने सीमा न काढता f(2) वाचलेलं असतं. 1.99 ला f ची किंमत 4.99 आहे आणि 2.01 लाही 4.99. दोन्ही बाजूंनी किंमत 5 कडेच जाते. बरोबर 2 वर फलाची किंमत काय ठेवली आहे, याच्याशी सीमेचा संबंध नाही. तिसऱ्या प्रश्नात ‘0/0 येतं म्हणून सीमा नाही’ असं लिहिणाऱ्याचीही हीच चूक आहे. त्याने x ला शून्यावर नेऊन ठेवलं, पण x शून्याच्या डावीकडेच राहतो.

चौथ्या प्रश्नात 3 लिहिणाऱ्यांना वयाचं उदाहरण द्यावं. अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीही पूर्ण झालेली वर्षं सतराच असतात. तसंच 2.999 मधला पूर्ण झालेला पूर्णांक 2 आहे.

पाचव्या प्रश्नात दोन वेगळ्या चुका दिसतात. −2 च्या डावीकडे −2.1, −2.01 अशा संख्या आहेत आणि त्यांच्यापेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक −3 आहे. −2 लिहिणाऱ्याने एक तर थेट −2 घातलं, नाहीतर दशांश चिन्हापुढचे अंक नुसते छाटले. अशा मुलाला संख्यारेषा काढायला लावली की शंका फिटते. दोन्ही प्रश्नांत किंमत घालून पाहणारा चौथ्यात 3 लिहितो, तर अंक छाटणाऱ्याचा चौथा प्रश्न बरोबर येतो. म्हणून ही दोन उत्तरं शेजारी ठेवून तपासावीत.

सहावा प्रश्न पूर्ण सोडवून पाहू. x < 3 असल्यामुळे x − 3 ऋण आहे, म्हणून |x − 3| = −(x − 3). पहिला गुण इथे मिळतो. अंशाचे अवयव (x − 3)(x + 3) आहेत. x − 3 शून्य नसल्यामुळे तो छेदातून जातो आणि −(x + 3) उरतं. x 3 कडे जाताना त्याची किंमत −6 कडे जाते. पडताळा घ्यायचा तर 2.9 ला −5.9 आणि 2.99 ला −5.99 येतं. 6 असं उत्तर आलं, तर मुलाने केवल मूल्याचं चिन्ह नुसत्या कंसासारखं काढून टाकलं आहे.

सातव्यात कधी −1/8 हे उत्तर सापडतं. तिथे 4⁻ हे −4 असं वाचलेलं असतं, म्हणजे चूक चिन्ह वाचण्यातली आहे. आठव्यात ∞ लिहिणाऱ्याने 1/x ला धन मानलं. x = −0.1 असताना घातांक −10 होतो आणि किंमत 1/1024. x आणखी जवळ गेला की ती शून्याकडे घसरते.

नवव्यात सरसकट 0 लिहिलं जातं, पण ती उजवीकडची सीमा आहे. 1 च्या डावीकडे x − 1 ऋण असल्यामुळे वास्तव वर्गमूळच नाही, मग किंमत जाणार कुठे? दहाव्यात k = (x² + 2)/x इथेच थांबणाऱ्याने दोन्ही सूत्रं सगळीकडे सारखी मानली. अट फक्त 2 पाशी आहे: 2k + 1 = 7.

बहुतेक चुकांवर उपाय एकच आहे: उत्तर लिहिण्याआधी त्या बाजूच्या तीन संख्या घालून किंमती मांडाव्यात. मात्र ही तपासणी आहे, सिद्धता नाही. sin(π/x) मध्ये 0.1, 0.01, 0.001 घातले तर दर वेळी शून्यच येतं, पण 2/5, 2/9, 2/13 घातले तर दर वेळी 1 येतं. म्हणून शून्याच्या उजवीकडे या फलाला सीमा नाही.

शिक्षकांनी आणि पालकांनी वीसपैकी किती एवढंच पाहू नये. प्रत्येक चुकीच्या उत्तराशेजारी ते कशातून आलं हे लिहून वही मुलाला परत द्यावी.