क्रेट एक, नोंदी दोन

दुधाच्या पिशव्यांचे प्लास्टिकचे क्रेट पट्ट्यावरून पुढे सरकत असतात. वाटेत एक फोटोसेन्सर असतो. क्रेटने त्याचा प्रकाशकिरण अडवला की पीएलसीमधला काउंटर, म्हणजे CTU, आकडा एकाने वाढवतो. समजा, पाळी संपताना स्क्रीनवर 1,260 दिसतात आणि गाडीत मात्र 1,200 क्रेट चढलेले असतात. वरचे 60 आले कुठून?

काउंटर क्रेट ओळखत नाही. सिग्नल बंदचा चालू झाला की तो एक मोजतो, इतकेच. क्रेटच्या बाजूला हात घालायची खाच असते. आत पिशवी नीट आड आली नाही, तर किरण खाचेतून आरपार जातो, सिग्नल क्षणभर तुटतो, पुन्हा जुळतो आणि त्याच क्रेटची दुसरी नोंद होते.

यावर उपाय ऑफ-डिले टायमरचा, म्हणजे TOF चा. सिग्नल आला की त्याचे आउटपुट लगेच चालू होते. सिग्नल गेल्यावर मात्र ठरलेला वेळ संपेपर्यंत ते चालूच राहते. काउंटरला सेन्सरऐवजी हे आउटपुट जोडायचे. वेळ किती ठेवायचा, हे पट्ट्याच्या वेगावरून निघते. वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर 6 सेंटिमीटरची खाच 0.12 सेकंदात निघून जाते आणि दोन क्रेटमधली 30 सेंटिमीटरची मोकळी जागा 0.6 सेकंदात. टायमर 0.3 सेकंदावर ठेवला की खाच झाकली जाते आणि मोकळी जागा तेवढी कळते. तोच 0.7 वर नेला, तर पाठोपाठचे दोन क्रेट मिळून एकच नोंद होईल.

क्रेट अडकला हे ओळखायला ऑन-डिले टायमर, TON लागतो. अर्ध्या मीटरचा क्रेट सेन्सरसमोरून एका सेकंदात जातो. किरण सलग 3 सेकंद अडलेला राहिला, तर TON चे आउटपुट चालू होऊन पट्टा थांबतो. मध्येच किरण मोकळा झाला, तर मोजलेला वेळ शून्यावर येतो.

इथे एक चूक हमखास होते. कामगाराने पट्टा थांबवला आणि एखादा क्रेट नेमका सेन्सरसमोर राहिला, तर 3 सेकंदांनी खोटा अलार्म वाजतो. म्हणून TON च्या आधी ‘मोटर चालू’ ही अटही घालावी लागते.

मोटर एकूण किती तास चालली, हे मात्र TON सांगू शकत नाही. मोटर थांबली की त्याचा हिशेब पुसला जातो. ग्रीसिंगची वेळ कळायला रिटेंटिव्ह टायमर, RTO वापरतात. मोटर थांबली की तो साचलेला आकडा तसाच धरून ठेवतो आणि ती सुरू झाली की तिथूनच पुढे मोजतो. तो शून्यावर आणायला RES ही वेगळी सूचना द्यावी लागते. ग्रीस भरल्यावर ती दिली गेली नाही, तर देखभालीचा दिवा पेटलेलाच राहतो.