तीन स्लाइडमध्ये गुंतवणुकीचा ताळेबंद

वार्षिक आढाव्यात सल्लागाराने ग्राहकासमोर आधी वाटप, मग परतावा आणि शेवटी जोखीम मांडावी.

समजा, 50 लाखांपैकी 30 लाख शेअर फंडांत आणि 20 लाख रोखे फंडांत होते. वर्षभरात शेअर 25 टक्के आणि रोखे 7 टक्के वाढले. एकूण रक्कम 58.9 लाख झाली. पहिल्या स्लाइडवर ठरलेले आणि आजचे वाटप शेजारी ठेवावे: शेअरचा वाटा 60 वरून जवळपास 64 टक्क्यांवर गेलेला दिसेल.

दुसरी स्लाइड परताव्याची. 17.8 टक्के आकडा सुखावतो, पण लाभांशासह शेअर निर्देशांक 27 टक्के आणि रोखे निर्देशांक 7 टक्के वाढला असेल, तर 60:40 प्रमाणात 19 टक्के मिळायला हवे होते. म्हणजे शेअर फंडांची निवड मागे पडली. ही तुलना गाळलेली असेल, तर ग्राहकाने ती मागून घ्यावी.

तिसऱ्या स्लाइडवर जोखीम रुपयांत लिहावी: शेअर 30 टक्के घसरले, तर सव्वाअकरा लाख जातील. ते झेपणार नसतील, तर सुमारे 2.16 लाख रोख्यांकडे वळवून मूळ प्रमाण साधावे. मात्र विक्रीवरील कर आणि एक्झिट लोड आधी तपासावा.