अंडं आणि अकराची भूक

सकाळी आठला बशीभर पोहे खाल्ले आणि अकराच्या सुमाराला पुन्हा काहीतरी तोंडात टाकावंसं वाटू लागलं, हा अनुभव बहुतेकांना आहे. "अंडं खा, दुपारपर्यंत पोटाला आधार राहील," असा सल्ला मग हमखास मिळतो. हा सल्ला कितपत खरा आहे, हे माणसांना जेवायला घालून तपासलेलं आहे.

अमेरिकेतला असा एक प्रयोग 2005 साली प्रसिद्ध झाला. संशोधकांमध्ये निखिल धुरंधर होते. लठ्ठपणाच्या संशोधनासाठी अमेरिकेला जाण्याआधी ते मुंबईत डॉक्टर म्हणून काम करत. प्रयोगात वजन जास्त असलेल्या तीस स्त्रिया होत्या. त्यांना एका दिवशी दोन अंडी आणि टोस्ट असा नाश्ता मिळाला, तर दुसऱ्या एका दिवशी बेगल, म्हणजे कड्यासारखा घट्ट पाव. दोन्ही नाश्त्यांच्या कॅलरी सारख्या होत्या आणि वजनही सारखंच ठेवलं होतं. मला ही काळजी फार मोलाची वाटते, कारण एका ताटात नुसतंच जास्त अन्न असतं, तर भूक कशाने भागली हे कळलंच नसतं. साडेतीन तासांनी त्यांच्यापुढे दुपारचं जेवण ठेवलं आणि हवं तेवढं खायला सांगितलं. अंडी खाल्लेल्या दिवशी त्या कमी जेवल्या. पुढचे छत्तीस तास त्यांच्या खाण्याची नोंद ठेवली, तेव्हाही एकूण खाणं कमीच भरलं.

असं का होतं, याचं उत्तर मुख्यतः प्रथिनांत आहे. प्रथिनं पचून त्यांचे तुकडे लहान आतड्यात पोचले, की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी काही संप्रेरकं रक्तात सोडतात. ती जठराला 'सावकाश रिकामं हो' असं सांगतात आणि मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देतात. शिवाय प्रथिनं पचवायला शरीराला मेहनतही जास्त पडते. त्यांच्यातून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पचनातच खर्च होतो. पिठूळ पदार्थांच्या बाबतीत हा खर्च दहा टक्क्यांच्याही आतच राहतो.

आता एका अंड्याचा हिशेब मांडू. कवच काढून 50 ग्रॅम भरणाऱ्या अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं आणि 5 ग्रॅम स्निग्धांश असतो. ग्रॅममागे प्रथिनांच्या 4 आणि स्निग्धांशाच्या 9 कॅलरी धरल्या, तर 24 अधिक 45, म्हणजे जवळपास 70 कॅलरी होतात. अंडं लहान असेल तर आकडा साठपर्यंत उतरतो. यातल्या पन्नास-पंचावन्न कॅलरी पिवळ्या बलकात असतात, पांढऱ्यात जेमतेम सतरा. म्हणून पुष्कळजण बलक टाकून देतात. पण अंड्यातली चाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिनं त्या बलकातच असतात. पोट भरावं म्हणून अंडं खायचं आणि बलक फेकायचा, हे मला पटत नाही.

हिशेब चुकतो तो कढईत. चहाचा एक चमचा तेल म्हणजे 45 कॅलरी. दोन अंड्यांच्या भुर्जीत असं चार चमचे तेल पडलं, तर 140 कॅलरींच्या अंड्यांवर 180 कॅलरींचं तेल चढतं. वर लोण्यात भाजलेले दोन पाव घेतले, की उकडलेल्या अंड्यांशी त्या नाश्त्याचा संबंध फारसा उरत नाही. पोह्यांचंही पाहू. 50 ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे सुमारे 175 कॅलरी, आणि प्रथिनं साडेतीन ग्रॅमच्या आसपास. तेच पोहे अर्धे करून जोडीला एक उकडलेलं अंडं घेतलं, तर कॅलरी थोड्या कमी होऊन 160 च्या घरात येतात आणि प्रथिनं आठ ग्रॅमपर्यंत जातात.

याच संशोधकांच्या 2008 सालच्या दुसऱ्या प्रयोगातली गोष्ट मात्र जाहिरातीत सहसा येत नाही. लोकांनी आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, 340 कॅलरींचा नाश्ता केला. काहींनी अंड्यांचा, काहींनी बेगलचा. जे दिवसभराचं खाणंही आटोक्यात ठेवत होते, त्यांच्यात अंडी खाणाऱ्यांचं वजन सरासरी 2.6 किलोंनी उतरलं आणि बेगल खाणाऱ्यांचं 1.6 किलोंनी. पण ज्यांना बाकीच्या खाण्याला काहीच बंधन नव्हतं, त्यांच्या वजनात अंड्यांनी फरक पडला नाही. प्रयोगाला अमेरिकेतल्या अंडी-उत्पादकांचं अर्थसाहाय्य होतं, हेही वाचकाला ठाऊक असायला हवं.

पोट भरण्यात अंडं सगळ्यांच्या पुढे आहे, असंही नाही. ऑस्ट्रेलियात 1995 साली सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी 38 पदार्थ, प्रत्येकी 240 कॅलरींचे, लोकांना खायला घालून दोन तास त्यांची भूक मोजली. पांढऱ्या पावाला शंभर गुण धरले, तेव्हा अंड्यांना दीडशे मिळाले, आणि नुसत्या उकडलेल्या बटाट्याला तीनशेच्या वर! 240 कॅलरींचे बटाटे म्हणजे पाणी धरून ठेवलेला मोठा ढीग. तो जठर ताणतो. अंड्यांचा तेवढाच वाटा आकाराने खूप लहान असतो. त्यामुळे अंड्यासोबत काकडी-टोमॅटो किंवा एखादं संत्रं घेतलं, तर प्रथिनांना त्या आकारमानाची जोड मिळते.