सुरांनी अंगावर येणारा काटा

गाणे ऐकताना अंगावर येणारा काटा बहुधा मानेच्या मागच्या बाजूला सुरू होतो, तिथून पाठीवर आणि दंडांवर पसरतो आणि काही सेकंदांत ओसरतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक अगदी बारीक स्नायू असतो. तो आखडला की केस उभा राहतो आणि भोवतालची कातडी फुगून बारीक पुळीसारखी दिसते. हा स्नायू माणसाच्या इच्छेने हलत नाही. त्याला आदेश येतो तो अनुकंपी चेतासंस्थेकडून. हृदयाचे ठोके वाढवणारी, घाम आणणारी आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणारी यंत्रणाही हीच. म्हणूनच काटा येतो त्या क्षणी नाडी, श्वास, तळहाताचा ओलावा आणि बाहुली यांतही बदल झालेले आढळतात आणि उपकरणांनी ते मोजता येतात. ऐकणाऱ्याने ‘आता शहारा आला’ म्हणून बटण दाबले, तर त्याच्या म्हणण्याची पडताळणी त्याच्या कातडीवरून करता येते. सौंदर्याचा अनुभव इतक्या नेमकेपणाने घड्याळावर मांडता यावा, ही संशोधकांच्या दृष्टीने फार मोलाची सोय ठरली.

मुळात हा प्रतिसाद थंडीसाठी आणि धोक्यासाठी आहे. दाट केसांच्या प्राण्याने केस फुलवले की त्यांत हवा अडकून ऊब टिकते, आणि कुत्र्यासमोर मांजर केस फुलवते तेव्हा ती आहे त्याहून मोठी दिसते. माणसाच्या अंगावर एवढे केस राहिले नाहीत, पण यंत्रणा राहिली. कलेच्या अनुभवाशी तिचे नाते भारतीय परंपरेने फार पूर्वी ओळखले होते. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांमध्ये रोमांच आहे. त्याच्या जोडीला स्वेद, कंप आणि अश्रू आहेत. आजच्या शरीरशास्त्रानुसारही यांतल्या बहुतेकांवर स्वायत्त चेतासंस्थेचा अंमल चालतो, आणि भरताची ही निवड पाहून आजही आश्चर्य वाटते.

शहारा गाण्यात कुठेही येत नाही, विशिष्ट जागी येतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 83 जणांना आपल्याला भिडणाऱ्या रचनांमधल्या नेमक्या जागा दाखवायला सांगितल्या आणि त्या जागी संगीतात काय घडते ते स्वरलिपीत तपासले. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या आणि काटा आणणाऱ्या जागा वेगळ्या निघाल्या. मुख्य सुरावर येण्याआधी शेजारच्या सुरावर क्षणभर रेंगाळून मग खाली उतरणारी जागा रडू आणणारी होती. काटा आणणाऱ्या जागी मात्र स्वरसंगती अचानक, अनपेक्षित दिशेने वळत होती. पुढे जर्मनीत हॅनोव्हर इथे एकार्ट आल्टनम्युलर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांतही नवीन काहीतरी सुरू होण्याच्या जागा पुढे आल्या: शांततेनंतर मानवी आवाज शिरतो तो क्षण, आवाजाची एकदम वाढलेली पातळी, वाद्यमेळातून एकटे वाद्य वर येणे.

या सर्वांच्या मुळाशी अपेक्षा आहे. अमेरिकी संगीतज्ञ लेनर्ड मायर यांनी 1956 साली मांडले की संगीतातली भावना अपेक्षेच्या खेळातून जन्मते. ऐकणारा नकळत पुढच्या सुराचा अंदाज बांधत असतो आणि रचना तो अंदाज लांबवते, हुलकावणी देते आणि शेवटी पुरा करते. मैफलीत जाणाऱ्या मराठी रसिकाला हे तिहाईवरून सहज पटेल. एकच तुकडा तीनदा येणार आणि त्याचा शेवटचा घाव समेवर पडणार, हे तिहाई सुरू होताच जाणत्या श्रोत्याला कळते. दुसऱ्या फेरीला त्याचा श्वास अडतो, तिसऱ्या फेरीला हात उचलला जातो आणि समेवर तोंडून दाद निघते. सम कुठे आहे हे त्याला आधीपासून ठाऊक असते, तरी आनंद कमी होत नाही. उलट, ज्याला ताल कळत नाही त्याला ही वाट पाहणेच लाभत नाही. अपेक्षा बांधायला संगीताची भाषा कानात मुरलेली असावी लागते, आणि परक्या परंपरेतली उत्तम रचनाही सुरुवातीला अंगावर काटा का आणत नाही, याचे मोठे कारण हेच असावे.

मेंदूत त्या वेळी काय होते याचा पहिला स्पष्ट पुरावा कॅनडातल्या माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात मिळाला. अ‍ॅन ब्लड आणि रॉबर्ट झाटोर यांनी 2001 साली दहा संगीतकारांना त्यांच्याच पसंतीच्या, हमखास शहारा आणणाऱ्या रचना ऐकवत मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. तुलनेसाठी युक्ती साधी होती: एकाची आवडती रचना दुसऱ्याला ऐकवायची. संगीत तेच, पण एकाला काटा आणि दुसऱ्याला काही नाही. म्हणजे दिसलेला फरक सुरांचा नव्हता, आनंदाचा होता. शहारा जसजसा तीव्र होत गेला तसा मेंदूच्या तळाकडच्या स्ट्रायटम या भागात आणि मध्यमेंदूत रक्तप्रवाह वाढला, तर भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डालात तो घटला. वाढ झालेले भाग अन्न, कामसुख आणि व्यसनी द्रव्ये यांना प्रतिसाद देणारे म्हणून आधीच ओळखीचे होते. ज्याने पोट भरत नाही आणि वंश वाढत नाही, अशा सुरांसाठी मेंदूने जगण्याची ही मूलभूत यंत्रणा वापरावी, ही गोष्ट तेव्हा खळबळ उडवणारी होती.

पण रक्तप्रवाह वाढला म्हणजे डोपामीन स्रवले, असे म्हणता येत नाही. डोपामीन हे या बक्षीस-यंत्रणेतले मुख्य रसायन. ते खरोखर स्रवते का, आणि कधी, हे ठरवण्यासाठी त्याच गटातल्या वॅलोरी सलीमपूर आणि सहकाऱ्यांनी प्रयोग रचला आणि 2011 साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. हा प्रयोग तपशिलात पाहण्यासारखा आहे.

पुढे आलेल्या 217 जणांतून चाळण्या लावत शेवटी आठच जण निवडले गेले. त्यांना आपल्या आवडत्या रचनेत ठरावीक जागी दर वेळी खात्रीने शहारा येत असे. रचना शब्दांविना, निव्वळ वाद्यांच्या घेतल्या, म्हणजे शब्दांच्या अर्थाने घोळ होऊ नये. प्रत्येकाला रॅक्लोप्राइड नावाचे, किरणोत्सारी कार्बन जोडलेले द्रव्य टोचले. हे द्रव्य मेंदूतल्या डोपामीनच्या ग्राहींवर जाऊन बसते. मेंदूने स्वतःचे डोपामीन सोडले की त्या जागा आधीच भरलेल्या असतात आणि रॅक्लोप्राइडला कमी जागा मिळते. म्हणून स्कॅनमध्ये या द्रव्याची खूण जिथे फिकी पडते, तिथे डोपामीन वाढले असे वाचायचे. एकदा शहारा आणणारे संगीत आणि एकदा उदासीन वाटणारे संगीत अशी दोन सत्रे झाली. आवडत्या संगीताच्या सत्रात स्ट्रायटममधली खूण फिकी पडली. डोपामीन स्रवले होते.

या पद्धतीची अडचण अशी की ती पूर्ण सत्राचे मिळून एकच चित्र देते, कोणत्या सेकंदाला काय झाले ते सांगत नाही. म्हणून त्याच आठ जणांना चुंबकीय स्कॅनरमध्ये झोपवून तेच संगीत पुन्हा ऐकवले आणि शहारा आला की बटण दाबायला सांगितले. मग बटणाच्या आधीची सुमारे पंधरा सेकंदे आणि शहाऱ्याचा क्षण वेगवेगळे तपासले. निघालेले उत्तर सुंदर आहे. शहारा येण्याआधी, म्हणजे ती जागा जवळ येत असताना, स्ट्रायटमचा कॉडेट हा भाग जागा होता. प्रत्यक्ष शहाऱ्याच्या क्षणी क्रियाशीलता न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स या दुसऱ्या भागाकडे सरकली. कॉडेटमधले डोपामीन शहाऱ्यांच्या संख्येशी जुळत होते, तर अ‍ॅक्युम्बन्समधले त्यांच्या तीव्रतेशी. वाट पाहणे आणि मिळणे यांच्या जागा मेंदूत वेगळ्या आहेत आणि बक्षिसाचा काही भाग वाट पाहतानाच दिला जातो, असे यातून दिसते. पाठ झालेले गाणे पुन्हा पुन्हा का ऐकावेसे वाटते याचा उलगडाही इथेच होतो.

आठ माणसे म्हणजे थोडीच. शिवाय डोपामीन आनंदाबरोबर वाढते एवढेच यातून ठरते, आनंद त्याच्यामुळे होतो हे ठरत नाही. ही उणीव 2019 साली लॉरा फेरेरी आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने बरीचशी भरून काढली. 27 जणांना तीन वेगवेगळ्या दिवशी डोपामीन वाढवणारे लेव्होडोपा, डोपामीनचे काम रोखणारे रिस्पेरिडोन आणि निव्वळ साखरेची गोळी दिली. कोणत्या दिवशी काय दिले हे त्यांना ठाऊक नव्हते. लेव्होडोपाच्या दिवशी संगीताचा आनंद आणि शहाऱ्यांचा काळ वाढला, रिस्पेरिडोनच्या दिवशी तो घटला. गाणे विकत घ्यायला किती पैसे मोजणार, या प्रश्नाची उत्तरेही तशीच बदलली. मात्र डोपामीन एकटे नाही. स्टॅनफर्डच्या अ‍ॅव्हरम गोल्डस्टाइन यांनी 1980 सालीच अफूसदृश अंतर्गत द्रव्यांना अडवणारे नॅलॉक्झोन दहा जणांना देऊन पाहिले होते. त्यांतल्या तिघांचे शहारे मंदावले, इतरांचे नाही.

तरी एक प्रश्न उरतो. आनंदाची यंत्रणा जागी झाली हे समजले, पण त्यासाठी केसच का उभे राहावेत? थंडी आणि भीती यांच्यासाठी असलेला प्रतिसाद आनंदाच्या वाट्याला कसा आला? मेंदूशास्त्रज्ञ याक पांकसेप यांच्या मते उंच, एकाकी सूर पिलाच्या विरहाच्या हाकेसारखा ऐकू येतो आणि ती ऐकून आईच्या अंगात थंडी भरते, म्हणून उबेची आस जागी होते. कल्पना मोहक आहे, पण जोरकस, उत्साही संगीतानेही काटा येतो आणि तिथे ती अपुरी पडते. संगीताचे अभ्यासक डेव्हिड ह्युरॉन यांचे स्पष्टीकरण अधिक पटते. अचानक झालेल्या बदलाने मेंदूचा जलद मार्ग क्षणभर दचकतो आणि केस उभे राहतात. लगेच सावकाश विचार करणारा मार्ग सांगतो की धोका काही नाही, हे तर संगीत आहे. दचकण्यापासून सुटकेपर्यंतचे हे अंतर आनंदाला धार देते. माँट्रियलच्या स्कॅनमध्ये अमिग्डालाची क्रिया घटलेली दिसली, ती या विचाराशी जुळणारी आहे.

शहारा सर्वांना येत नाही. काहींना तो आठवड्यातून अनेकदा येतो, काहींना कधीच नाही, आणि ज्यांना येतो त्यांच्यातही एकाचे गाणे दुसऱ्याला चालत नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी अशी निरोगी माणसे शोधून काढली, ज्यांना संगीतातून काहीच सुख मिळत नाही. गाणे आनंदी आहे की उदास, हे ती बरोबर ओळखतात. ऐकण्यात त्यांच्यात काही दोष नाही. पैसे जिंकण्याच्या खेळात त्यांची नाडी आणि तळहाताचा ओलावा इतरांसारखाच वाढतो. संगीताने मात्र त्यांत काहीच हालचाल होत नाही. 2016 सालच्या स्कॅनमध्ये दिसले की संगीत ऐकताना त्यांच्या मेंदूत ध्वनीचा अर्थ लावणारे श्रवणक्षेत्र आणि न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स यांच्यातला संवाद क्षीण असतो. म्हणजे बक्षिसाची यंत्रणा शाबूत, कान शाबूत, सुरांची जाण शाबूत, फक्त त्यांना जोडणारा दुवा कमजोर.