येथे म्हणजे कुठे?

गेल्या सप्टेंबरात आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. मी सचिव, म्हणजे नोटीस पाठवायचं काम माझं. सभेआधी चौदा दिवस नोटीस गेली पाहिजे हा उपविधीतला नियम मी काटेकोर पाळला होता, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो.

"काय रे, सभा कधी आहे?"

"काका, परवाच मेल टाकलाय की सगळ्यांना."

"तो ऐकला. दोनदा ऐकला. तीन ठिकाणी क्लिक करा म्हणतोस. कशासाठी ते सांगत नाहीस, आणि सभा कधी ते तर कुठेच नाही."

काका बँकेतून निवृत्त झालेले. काचबिंदूनं दृष्टी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, पण संगणक काही सुटला नाही. ते एनव्हीडीए वापरतात. पडद्यावर जे काही असेल ते वाचून दाखवणारा हा स्क्रीनरीडर फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणानं २००६ साली त्याचं काम सुरू केलं. मेल काका थंडरबर्डमध्ये उघडतात. मी वर गेलो आणि म्हटलं, मलाही ऐकवा.

ते ज्या वेगानं ऐकतात त्यातला एक शब्द मला कळेना. त्यांनी वेग निम्म्यावर आणला. मग माझाच मेल मला असा ऐकू आला: "सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार. ग्राफिक, व्हॉट्सअ‍ॅप इमेज, दोन हजार पंचवीस, झिरो नाइन…" त्यापुढे आकड्यांची रांग, शेवटी "पीएम डॉट जेपेग". मग "जमाखर्चासाठी लिंक येथे क्लिक करा. कोटेशनसाठी लिंक येथे क्लिक करा. जेवणाची संख्या कळवण्यासाठी लिंक येथे क्लिक करा. वर लाल अक्षरांत दिलेली तारीख कृपया लक्षात ठेवावी." संपलं.

तारीख, वेळ, जागा, सात विषय, अध्यक्षांची सही, सगळं त्या जेपेगच्या आत होतं. लेटरहेडवर नोटीस छापली, सही-शिक्का घेतला, मोबाइलनं फोटो काढला, व्हॉट्सअ‍ॅपवरून संगणकावर घेतला आणि जीमेलमध्ये चिकटवला. आपल्याकडे निम्म्या नोटिसा अशाच जन्माला येतात. स्क्रीनरीडरला चित्रातली अक्षरं आपोआप दिसत नाहीत. चित्रासोबत जो पर्यायी मजकूर जोडलेला असतो तेवढाच तो बोलतो. मी तो लिहिलाच नव्हता, म्हणून जीमेलनं त्या जागी फाइलचं नाव ठेवून दिलं होतं. काकांच्या वाट्याला आलं ते फाइलचं नाव.

मला वाटलं होतं, मेल वरून खालपर्यंत ऐकत बसायचं, एवढंच असेल. ते तसं नसतं. आपण डोळ्यांनी पान चाळतो, ठळक ओळींवर नजर टाकतो, नको ते सोडून देतो. काका कानांनी चाळतात. `H` दाबलं की पुढच्या मथळ्यावर उडी, `K` दाबलं की पुढच्या लिंकवर. आणि `Insert+F7` दाबलं की मेलमधल्या सगळ्या लिंकांची एक यादीच समोर येते. काकांनी ती उघडली. यादीत एकाखाली एक तीन नोंदी होत्या: येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. भोवतालचं वाक्य यादीत येत नाही.

"तीन भाऊ, तिघांची नावं बंडू," काका म्हणाले.

वेबसाठीचे सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी नावाचे. त्यांच्या किमान पातळीवर लिंकचा अर्थ आसपासच्या वाक्यातून लागला तरी चालतो. म्हणजे कागदावर माझा मेल या एका कलमापुरता कदाचित पासही झाला असता. पण काकांच्या त्या यादीत तो नापासच होता, आणि माझ्या मते खरी परीक्षा तीच.

दुरुस्ती अवघड नाही. लिंकच्या शब्दांतच ती कुठे नेते हे सांगायचं, आणि महत्त्वाचा शब्द आधी आणायचा. यादीत आद्याक्षर टाइप करून त्या नोंदीवर जाता येतं. "जमाखर्च" हा शब्द सुरुवातीला असेल तर "ज" दाबून काका थेट तिथे पोचतात. "अधिक माहितीसाठी जमाखर्च पाहा" असं लिहिलं तर "अ"पाशी अडकतात. म्हणून नव्या मेलमध्ये तीन लिंका अशा झाल्या: "जमाखर्च २०२४-२५, पीडीएफ", "लिफ्टची दोन कोटेशनं, पीडीएफ" आणि "जेवणाची संख्या कळवण्याचा फॉर्म". पीडीएफ हा शब्द मुद्दाम घातला. लिंक दाबल्यावर पान उघडणार की फाइल उतरणार हे आधी कळलेलं बरं असतं.

काही जण "येथे" टाळतात आणि त्याऐवजी अख्खा पत्ताच चिकटवतात. ते त्याहून वाईट. गूगल फॉर्मचा पत्ता `https://docs.google.com/forms/d/e/1FAIpQLS…` असा सुरू होतो आणि पुढे कितीतरी निरर्थक अक्षरं येतात. एकदा कानांनी ऐकून पाहा. जीमेलमध्ये शब्द निवडून `Ctrl+K` दाबलं की पत्ता त्या शब्दांमागे जातो.

मथळ्यांच्या बाबतीत मी स्वतःला हुशार समजत होतो. पुढच्या खेपेला मी नोटीस मजकूर म्हणून टाइप केली आणि "सभेचे विषय", "थकबाकी", "जेवण" हे शब्द ठळक केले, आकार वाढवला. काकांनी `H` दाबलं. "नो नेक्स्ट हेडिंग." माझ्या डोळ्यांना मथळे दिसत होते, पण मेलच्या पोटात ते नुसते जाड अक्षर होते. दोन्हींतला फरक असा:

```html
<p><b>सभेचे विषय</b></p>
<h2>सभेचे विषय</h2>
```

पहिली ओळ म्हणजे जाड अक्षरांतला एक परिच्छेद. दुसरी म्हणजे मथळा. स्क्रीनरीडर तिथे "हेडिंग लेव्हल टू" असं म्हणतो आणि `H`ची उडी तिथे येऊन थांबते. पण हे हातानं लिहायची गरज नाही. आउटलुकमध्ये स्टाइल्समधून `Heading 2` निवडायचं, थंडरबर्डमध्ये लिहिण्याच्या पट्टीवरच्या परिच्छेदाच्या यादीतून. जीमेलच्या लिहिण्याच्या पट्टीत मात्र मथळ्याचं बटण नाही, फक्त अक्षरांचा आकार आहे. म्हणून सोसायटीचे लांब मेल मी आता थंडरबर्डमधून पाठवतो. जीमेलच वापरायचं असेल तर मेल आखूड ठेवावा आणि पहिल्याच ओळीत आत काय काय आहे ते सांगून टाकावं. पाच ओळींच्या मेलला तसेही मथळे लागत नाहीत.

आता त्या चित्राचं. माझा पहिला विचार असा होता की जीमेलमध्ये चित्रावर क्लिक केलं की `Edit alt text` येतं, तिथे अख्खी नोटीस टाकून देऊ. काकांनी तो मोडीत काढला. पर्यायी मजकूर एका दमात वाचला जातो. त्यात मथळे नसतात, लिंका नसतात, आणि सोसायटीचा खाते क्रमांक उतरवून घ्यायचा म्हटलं तर अंकाअंकावर थांबणंही अवघड जातं. चित्र म्हणजे खरोखर चित्र असेल, उदाहरणार्थ गच्चीवरच्या गळतीचा फोटो, तर दोन ओळींत त्यात काय दिसतंय ते लिहावं. नोटीस हे चित्र नव्हेच. तो मजकूर आहे, तर मजकूर म्हणूनच मेलमध्ये यावा. सही-शिक्क्याची प्रत हवी असेल तर ती सोबत जोडावी, पण तिच्यात असलेली एकही गोष्ट मेलमध्ये नाही असं होऊ नये. "लाल अक्षरांत" वगैरे तर सोडूनच द्या. तारीख लाल करा हवी तर, पण तिला तारीखच म्हणा.

पीडीएफ केली म्हणजे सुटलो, असंही नाही. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटोच. ओळखायची खूण सोपी आहे: माउसनं एखादा शब्द निवडता येतो का ते पाहा. निवडता आला नाही तर ते चित्र. आणि मराठीत याच्या पुढे आणखी एक खड्डा आहे, जो मला हिशेबनिसांच्या फाइलमध्ये सापडला. शब्द निवडता येत होते, पडद्यावर मराठी छान दिसत होती, पण स्क्रीनरीडर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी वाचत होता. फाइल युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये टाइप केलेली होती. अशा फाँटमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर असतं रोमन, फक्त त्याच्यावर देवनागरीचं चित्र चढवलेलं असतं. तपासायचं तर एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी उमटली तर ठीक, नाहीतर तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. आमच्या हिशेबनिसांनी तो पुन्हा टाइप केला. कुरकुरत, पण केला.

पाठवण्याआधी मी आता माझ्या संगणकावर एनव्हीडीए चालू करतो. त्याचा मराठी आवाज यांत्रिक आहे, सवय नसेल तर शब्द निसटतात. त्यासाठी `Tools` मध्ये `Speech viewer` आहे. जे बोललं जातं ते छोट्या खिडकीत उमटत जातं. पडद्याकडे न बघता, फक्त त्या खिडकीवरून मेल समजतो का, एवढंच पाहतो. फोनवर टॉकबॅक चालू करून बघायचा मोह होईल, तर आधी तो बंद कसा करायचा ते वाचून ठेवा. चालू झाल्यावर स्पर्शाच्या सगळ्या खुणा बदलतात, आणि मी एकदा पंधरा मिनिटं स्वतःच्याच फोनबाहेर अडकलो होतो.

दुरुस्त मेल त्याच रात्री गेला. आधीच्या मेलच्या विषयाच्या ओळीत नुसतं "नोटीस" होतं. आता तिथे "वार्षिक सभा, रविवार २८ सप्टेंबर, सकाळी १०:३०, सोसायटी कार्यालय" असं लिहिलं, म्हणजे मेल उघडण्याआधी यादीतच सगळं कळावं. सकाळी काकांचं उत्तर आलेलं होतं. पोचल्याचं त्यात काही नव्हतं. लिहिलं होतं: "लिफ्टच्या एका कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय, दुसऱ्यात नाही. तू दुसरं स्वस्त म्हणून पुढे केलंयस." मी दोन्ही फाइली उघडून पाहिल्या. काकांचं बरोबर होतं.