साठाला किंचित कमी

जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी पडद्यावर वरून खाली नवं चित्र उमटवतो. ग्राफिक्स कार्डाला या ठेक्याशी देणंघेणं नसतं. फ्रेम तयार झाली की ते लगेच पुढे देतं. मॉनिटर अर्ध्यावर असताना नवी फ्रेम आली, तर वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा दिसतो. गेममध्ये एखाद्या खांबासमोर उभं राहून माउस झपकन आडवा फिरवा. खांब मधेच कापून बाजूला सरकवल्यासारखा दिसला, की ते टिअरिंग.

व्हेरिएबल रिफ्रेशचे मॉनिटर कार्डासाठी थांबतात. जुन्यावर थांबायचं ते कार्डाने, आणि तेच काम व्ही-सिंक करतो. खांब अखंड दिसतो, पण माउस जड वाटू लागतो. कारण कार्ड ८ मिलिसेकंदांत फ्रेम बनवत असेल आणि मॉनिटर ती १६.७ मिलिसेकंदांनी उचलत असेल, तर तयार फ्रेमची रांग लागते. तुमचा क्लिक रांगेतल्या शेवटच्या फ्रेममध्ये असतो. पुढे दोन-तीन फ्रेम असतील, तर ३३ ते ५० मिलिसेकंद त्यातच गेले.

म्हणून व्ही-सिंक चालू ठेवून रांगच लागू द्यायची नाही. testufo.com/refreshrate या पानावर मॉनिटरचा खरा वेग मोजा. आकडा स्थिर व्हायला काही मिनिटं द्या. तो क्वचितच नेमका ६० निघतो. समजा ५९.९५ आला. मग रिवाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हरमध्ये Framerate limit इथे ५९.९४ टाका, नव्या आवृत्त्यांत अपूर्णांक चालतो. आता मॉनिटर कार्डापेक्षा केसभर पुढे राहतो आणि रांग साचत नाही.

या केसभर फरकाची किंमत मोजावी लागते, पण ती फार थोडी आहे. मॉनिटर सेकंदाला ०.०१ चित्र जास्त मागतो, म्हणून साधारण शंभर सेकंदांतून एकदा जुनीच फ्रेम पुन्हा दिसते. मर्यादा सरळ ५९ ठेवली, तर हाच झटका जवळपास दर सेकंदाला बसतो आणि संथ फिरणाऱ्या कॅमेऱ्यात स्पष्ट जाणवतो. ६० ठेवली, तर कार्ड मॉनिटरच्या पुढे जातं आणि हळूहळू रांग परत भरते. मला तर ६० हाच सगळ्यांत फसवा आकडा वाटतो.

हे सगळं जमतं ते कार्डाकडे ताकद शिल्लक असेल तरच. कार्डाचा वापर ९९ टक्क्यांवर असेल, तर फ्रेम वेळेत येत नाही. दोनच बफर असलेल्या व्ही-सिंकमध्ये १७ मिलिसेकंदांची फ्रेमही पुढच्या फेरीपर्यंत अडकते, आणि असं सलग झालं की वेग एकदम ३० वर येतो. अशा वेळी आधी सावल्यांचा दर्जा उतरवा. तरीही भागत नसेल, तर व्ही-सिंक बंद करून टिअरिंग सोसलेलं बरं; वेगवान नेमबाजीच्या गेममध्ये तर मी तेच करेन.